धड्यातल्या शब्दांचे पत्ते : चौघांचा एक डाव

आमच्या दुकानातून कोऱ्या पत्त्यांचा संच नेणाऱ्यांसाठी ही माहिती. संचात चार जाड ए-४ कार्डशीट आहेत. एका शीटचे ९ पत्ते कापता येतात, म्हणजे एकूण ३६. घरी पत्ते दिसले की वडिलांच्या कपाळावर आठ्या पडतात. त्यांना आधी हा कागद दाखवा.

दहावीच्या विज्ञानातला उष्णतेचा धडा घेऊ. त्यातल्या १२ संज्ञा निवडा. प्रत्येकीचे तीन पत्ते करायचे : नाव, अर्थ आणि उदाहरण. ‘पुनर्हिमायन’ हे नाव. ‘दाबाने बर्फ वितळतो, दाब काढला की पुन्हा गोठतो’ हा अर्थ. ‘वजनं लटकवलेली तार लादीतून आरपार जाते, लादी मात्र अखंड राहते’ हे उदाहरण. अर्थाच्या पत्त्यावर संज्ञेतलाच शब्द आला, तर पोरं डोकं न लावता जोडी लावतात.

खरी गोची उदाहरणात होते. ‘मे महिन्यात कूलर गारवा देतो’ असा पत्ता केला, तर एक म्हणेल बाष्पनाचा अप्रकट उष्मा, दुसरा म्हणेल सापेक्ष आर्द्रता. दोघंही बरोबर, आणि डाव भांडणात जातो. म्हणून पत्ते दोन करा. ‘कूलरच्या गवतातलं पाणी उडताना हवेतली उष्णता घेतं’ हा अप्रकट उष्म्याचा. ‘तोच कूलर मे महिन्यात गार, जुलैत मात्र नुसता दमट’ हा सापेक्ष आर्द्रतेचा. पत्ते कापण्याआधी प्रत्येक उदाहरण एकाच नावाला लागतं ना, ते ताडून बघा.

आता खेळ. पत्ते पिसून चौघांना सात-सात वाटा. उरलेले आठ मधोमध पालथे ठेवा. ज्या संज्ञेचा एक तरी पत्ता हातात आहे, तिचेच पत्ते मागता येतात, तेही नाव न घेता. हातात ‘दवबिंदू तापमान’ असेल तर विचारायचं, “हवा थंड होत होत ज्या तापमानाला बाष्पाने संपृक्त होते, त्याचा पत्ता आहे का?” समोरच्याकडे असेल तर तो देतो आणि तुम्ही पुन्हा मागता. नसेल तर गड्डीतला एक उचला, पाळी पुढच्याची. गड्डी संपली तर नुसती पाळी जाते.

तिन्ही पत्ते जुळले की खाली मांडा : १ गुण. ते पालथे करून अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगितला, तर आणखी २. चुकीचा संच मांडला किंवा हातात पत्ता असून ओळखला नाही, तर १ वजा. वाद झाला तर पुस्तक उघडायचं. सगळे १२ संच मांडून झाले की डाव संपला.

समजा एकाने ५ संच मांडले, पण अर्थ तीनच सांगितले आणि एक पत्ता ओळखला नाही : ५ + ६ − १ = १०. दुसरीचे संच चारच, पण चारही अर्थ आले : ४ + ८ = १२. ती पुढे.

उष्णता विनिमयाची गणितं मात्र या खेळात बसत नाहीत. ती वहीतच सोडवा. आणि एखादा पत्ता फाटला किंवा दुमडला, तर लगेच बदला, नाहीतर तो पाठीवरून ओळखू येतो. कोरी शीट आमच्याकडे सुटीही मिळते.