९९ रुपयांचं डोमेन दुसऱ्या वर्षी दीड हजाराचं का होतं?

आमच्याकडून वेबसाइट करून घेतलेल्या ग्राहकांसाठी

वर्ष सरत आलं की डोमेन-होस्टिंग कंपनीचं रिन्युअलचं बिल येतं, आणि पहिल्या वर्षाची पावती शेजारी ठेवली तर धक्काच बसतो. उदाहरणादाखल एका छोट्या दुकानाच्या वेबसाइटचा हिशोब घेऊ. पहिल्या वर्षी `.com` डोमेन ९९ रुपये, होस्टिंग महिना ७९ प्रमाणे ९४८ आणि मालकाची माहिती सार्वजनिक नोंदीत झाकणारी प्रायव्हसी सेवा 'मोफत'. १८ टक्के जीएसटी धरून सुमारे १,२३५ रुपये. दुसऱ्या वर्षी डोमेन १,४९९, होस्टिंग महिना ३४९ प्रमाणे ४,१८८ आणि प्रायव्हसी ७९९. जीएसटीसकट ७,६५३. वेबसाइट तीच आणि सेवाही तीच.

यात फसवणूक म्हणावी असं सहसा काही नसतं. रिन्युअलचा दर पहिल्या खरेदीच्या वेळीच बारीक अक्षरात लिहिलेला असतो. प्रत्येक `.com` नावामागे विक्रेत्याला `.com` ची मूळ नोंदवही चालवणाऱ्या व्हेरिसाइन या कंपनीला ठरावीक रक्कम द्यावीच लागते. १ सप्टेंबर २०२४ पासून ती १०.२६ डॉलर, म्हणजे नऊशे रुपयांच्या आसपास झाली. तेव्हा ९९ रुपयांत नाव विकणारा पहिल्या वर्षी खिशातून पैसे घालतो आणि पुढे वसूल करतो. होस्टिंगला मात्र असा कुठलाच पायाभूत दर नाही, म्हणून रुपयांत सगळ्यात मोठी उडी तिथे दिसते.

पैसे आपोआप कसे कापले जातात?

खरेदी करताना `Auto-renew` बहुधा आधीच चालू असतं, आणि डोमेन, होस्टिंग, प्रायव्हसी या प्रत्येकासाठी वेगवेगळं असतं. एक बंद केलं म्हणजे बाकीची बंद झाली असं समजू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डावरच्या अशा वसुलीच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवायला हवं. पण १५,००० रुपयांपर्यंत ओटीपी लागत नाही. आपलं ७,६५३ चं बिल त्या मर्यादेत आरामात बसतं. बँकेच्या ॲपमधून मँडेट, म्हणजे आपोआप वसुलीला दिलेली परवानगी, रद्द करता येतो, पण त्याने फक्त पैसे थांबतात. डोमेनची मुदत थांबत नाही.

प्रायव्हसी घ्यावी का?

आमच्या मते बहुतेक दुकानदारांना ती विकत घेण्याची गरज नाही. २०१८ पासून `.com` च्या सार्वजनिक नोंदीत मालकाचं नाव, फोन, ईमेल बहुधा झाकलेलेच असतात. `lookup.icann.org` वर आपलं डोमेन टाकून बघा. `REDACTED` दिसलं की झालं. कित्येक विक्रेते ही सेवा फुकटही देतात. `.in` नावांना तर ती नावं सांभाळणारी निक्सी ही संस्था प्रायव्हसी सेवा वापरूच देत नाही. आणि दुकानाचा फोन नंबर आपणच वेबसाइटच्या माथ्यावर ठळक छापलेला असतो, तो लपवायचा कोणापासून? घरच्या पत्त्यावरून व्यवसाय करत असाल तर मात्र नोंद नीट तपासूनच ही सेवा बंद करा.

दुसऱ्या कंपनीकडे जायचं असेल तर

मुदत संपायच्या दोन महिने आधी हात घाला, कारण काही कंपन्या मुदतीच्या बऱ्याच आधी पैसे कापतात. आधी नव्या कंपनीचा *रिन्युअलचा* दर विचारा, पहिल्या वर्षाचा नव्हे. मग जुन्या खात्यात डोमेनचं लॉक काढून ट्रान्सफर कोड घ्या. `.com` साठी हा कोड मागितल्यापासून पाच दिवसांत मिळायला हवा. नाव घेऊन ६० दिवस झालेले असावे लागतात. ट्रान्सफरच्या शुल्कात एक वर्षाची मुदत मिळते आणि ती उरलेल्या मुदतीत मिळवली जाते, त्यामुळे लवकर गेल्याने तोटा होत नाही. उलट मुदत संपल्यावर रिन्यू करून ४५ दिवसांच्या आत ट्रान्सफर केलं, तर रिन्युअलचं ते वर्ष वाया जाऊ शकतं.

घोळ होतो तो ईमेलचा. वेबसाइट नव्या जागी उघडते, पण मेल कुठे पोचवायचे ते सांगणाऱ्या `MX` नोंदी जुन्या कंपनीच्या नेमसर्व्हरवरच राहिलेल्या असतात. तिथलं खातं बंद झालं की मेल येणंच थांबतं. म्हणून `MX` सकट सगळ्या डीएनएस नोंदी आधी लिहून घ्या. ट्रान्सफर पूर्ण होईपर्यंत डोमेनचं `Auto-renew` बंद करू नका. नको असलेल्या जोडसेवांचं मात्र आजच बंद करा.

मुदत चुकलीच, तर काही दिवस नेहमीच्या दराने रिन्यू करता येतं. `.com` नाव एकदा रद्द झालं की ३० दिवस ते दंड भरूनच परत मिळतं, आणि त्यानंतर पाच दिवसांनी कोणीही घेऊ शकतं. आठवणीचे मेल खात्यात नोंदवलेल्या पत्त्यावरच जातात. तो पत्ता सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा किंवा आमचा असेल, तर आधी तो बदलून स्वतःचा टाका.

बिल आलं की पैसे भरण्याआधी त्याचा फोटो आम्हाला पाठवा. कुठली ओळ ठेवायची आणि कुठली काढायची, ते सांगण्याचे आम्ही पैसे घेत नाही. ट्रान्सफर करून द्यायचं असेल तर मजुरी आधी सांगू.