देणगी नोंदवही विश्वस्तांपुढे ठेवताना: पावती क्रमांक आणि पुन्हा देणाऱ्यांची मोजणी

नोंदवहीसोबत पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती आणि बँकेचे विवरण लागते, हे बहुतेकांना ठाऊक असते. वही परत येते ती वेगळ्याच कारणाने. मधला एखादा पावती क्रमांक दिसत नाही आणि त्याचा खुलासाही नसतो.

पावती चुकली की ती फाडून टाकू नका. मूळ प्रत आणि स्थळप्रत दोन्ही पुस्तकातच ठेवा, आडवी रेघ मारून ‘रद्द’ लिहा आणि वहीत त्या क्रमांकाची ओळ तशीच राहू द्या. मूळ पावती देणगीदाराकडे गेली असेल तर ती मागून घ्या. ती मिळालीच नाही तर शेऱ्यात तसे स्पष्ट लिहा. वटला नाही अशा धनादेशाची ओळही पुसायची नाही. तिथे ‘परत’ अशी स्थिती नोंदवायची. तपासणाऱ्याला रद्द पावती चालते, नाहीशी झालेली चालत नाही.

दुसरी अडचण मोजणीची. समजा, पावत्या 241 ते 260, म्हणजे 20 क्रमांक आहेत. 247 रद्द, 253 चा धनादेश परत. उरल्या 18 देणग्या. त्या 14 जणांनी दिल्या: 11 जणांनी एकदा, दोघांनी दोनदा, एकाने तीनदा. पुन्हा देणारे 3 झाले. तरी कुणी 18 मधून 14 वजा करून 4 लिहितो, कुणी त्या तिघांच्या सगळ्या पावत्या मोजून 7 लिहितो, आणि मग बैठकीत आकड्यांवरून उगाच वाद होतो.

नावावरून मोजू नका. एकच माणूस कधी आद्याक्षरांनी, कधी पूर्ण नावाने येतो. प्रत्येकाला कायमचा कोड द्या. वही एक्सेलमध्ये असेल आणि A मध्ये पावती क्रमांक, C मध्ये कोड, D मध्ये ‘जमा’, ‘रद्द’ किंवा ‘परत’ अशी स्थिती असेल, तर E2 मध्ये हे लिहून खाली ओढा:

```
=IF(D2="जमा",COUNTIFS($C$2:C2,C2,$D$2:D2,"जमा"),"")
```

या रकान्यात 1 किती वेळा आला, तितके देणगीदार. 2 किती वेळा आला, तितके पुन्हा देणारे. वरच्या उदाहरणात 14 आणि 3 येतील. निनावी देणग्यांना मात्र एकच कोड देऊ नका, नाहीतर त्या सगळ्या एकाच माणसाच्या ठरतात. त्यांचा कोड रिकामा ठेवा आणि संख्या टिपणात वेगळी सांगा.

विश्वस्तांसाठीचे टिपण एवढेच पुरे: “पावती क्र. 241 ते 260. 247 रद्द, दोन्ही प्रती पुस्तकात आहेत. 253 चा धनादेश परत आला, रक्कम बेरजेत धरलेली नाही. जमा देणग्या 18, देणगीदार 14, पैकी या कालावधीत एकाहून अधिक वेळा देणारे 3. निनावी देणगी नाही. बेरीज बँक विवरण व रोख जमेशी ताडून पाहिली.”

यातले ‘या कालावधीत’ हे शब्द गाळू नका. मागच्या वर्षी दिलेला माणूस यंदा एकदाच देऊन गेला असेल, तर तो या तिघांत येत नाही. त्याची संख्या हवी असल्यास मागची वही जोडून ती स्वतंत्र ओळीत द्या.