बीप चाचणी : लेव्हलवरून वेग आणि अंतर

वीस मीटर अंतरावरच्या दोन रेघांमध्ये, ध्वनिमुद्रित ‘बीप’च्या तालावर ये-जा करत धावण्याच्या चाचणीला बीप चाचणी किंवा शटल रन म्हणतात. दर मिनिटागणिक बीप जवळजवळ येत जातात आणि धावणाऱ्याला वेग वाढवावा लागतो. ताल सुटला की चाचणी संपते आणि हातात ‘९.४’सारखा एक आकडा उरतो. या आकड्यातून शेवटचा वेग आणि एकूण कापलेले अंतर कसे काढायचे, एवढाच या नोंदीचा विषय.

कॅनडातील माँट्रियल विद्यापीठाचे लुक लेजे आणि त्यांचे सहकारी यांनी ही चाचणी मांडली. १९८२च्या मांडणीत एक टप्पा दोन मिनिटांचा होता. पुढे तो एका मिनिटावर आला आणि तेच रूप जगभर गेले.

आकडा वाचायचा कसा

९.४ ही दशांश संख्या नाही. बिंदूच्या डावीकडे लेव्हल असते आणि उजवीकडे त्या लेव्हलमधल्या पूर्ण झालेल्या फेऱ्या. फेरी म्हणजे एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंतचे वीस मीटर. जाऊन परत येणे म्हणजे दोन फेऱ्या. तेव्हा ९.४ म्हणजे आठ लेव्हल संपूर्ण, नवव्या लेव्हलच्या चार फेऱ्या पुऱ्या आणि पाचवी हुकली.

सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. नवव्या लेव्हलमध्ये अकरा फेऱ्या असतात, त्यामुळे ९.१० हाही रीतसर निकाल आहे आणि तो ९.४ पेक्षा मोठा आहे. निकालाची यादी संगणकावर एक्सेलमध्ये भरली की 9.10 चे आपोआप 9.1 होते, आणि दहा फेऱ्या मारणारा एका फेरीवाल्याच्या पंगतीला जाऊन बसतो. फरक नऊ फेऱ्यांचा, म्हणजे १८० मीटरचा. लेव्हल आणि फेरी वेगवेगळ्या रकान्यांत लिहिणे हाच यावरचा धड उपाय.

वेग

दुसऱ्या लेव्हलपासून पुढे वेग काढायला पाठांतर लागत नाही. लेव्हलची निम्मी संख्या घ्यायची आणि तिच्यात आठ मिळवायचे :

वेग (किमी/तास) = ८ + (०.५ × लेव्हल)

नवव्या लेव्हलला ८ + ४.५ = १२.५ किमी/तास. एका फेरीला किती सेकंद मिळतात हे हवे असेल, तर ७२ला वेगाने भागावे. वीस मीटरच्या अंतरासाठी तासाचे सेकंद आणि किलोमीटरचे मीटर यांचा हिशेब आटोपला की ७२ हाच आकडा उरतो. ७२ ÷ १२.५ = ५.७६ सेकंद.

पहिल्या लेव्हलचे मात्र दोन पंथ आहेत. लेजेंच्या एक मिनिटाच्या चाचणीत सुरुवात ८.५ किमी/तास वेगाने होते, आणि वरचे सूत्रही तेच सांगते. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात रूढ झालेल्या आवृत्तीत सुरुवात ८ ने होते आणि दुसऱ्या लेव्हलला एकदम ९ वर उडी असते. दुसऱ्या लेव्हलपासून दोन्हींचे वेग सारखेच, म्हणून वेगाच्या हिशेबात हा भेद फारसा नडत नाही. अंतराच्या हिशेबात नडतो.

अंतर

८ ने सुरू होणाऱ्या आवृत्तीत लेव्हल फेरीच्या मधोमध बदलत नाही. साठ सेकंद उलटून जातील इतक्या पूर्ण फेऱ्या होऊ देतात आणि मगच पुढची लेव्हल लागते. आठव्या लेव्हलला फेरी बरोबर सहा सेकंदांची, म्हणजे दहा फेऱ्यांत साठ सेकंद नेमके भरतात. तरीही तिथे अकरावी फेरी मारावी लागते. म्हणून ‘मिनिट म्हणजे लेव्हल’ हे ढोबळ आहे. खरी लेव्हल ६० ते ६६ सेकंदांची असते. बारा लेव्हलपर्यंतचा तक्ता असा :

| लेव्हल | वेग (किमी/तास) | फेऱ्या | लेव्हलअखेर एकूण अंतर (मी.) |
|---|---|---|---|
| १ | ८.० | ७ | १४० |
| २ | ९.० | ८ | ३०० |
| ३ | ९.५ | ८ | ४६० |
| ४ | १०.० | ९ | ६४० |
| ५ | १०.५ | ९ | ८२० |
| ६ | ११.० | १० | १,०२० |
| ७ | ११.५ | १० | १,२२० |
| ८ | १२.० | ११ | १,४४० |
| ९ | १२.५ | ११ | १,६६० |
| १० | १३.० | ११ | १,८८० |
| ११ | १३.५ | १२ | २,१२० |
| १२ | १४.० | १२ | २,३६० |

पूर्ण चाचणी एकवीस लेव्हलची, म्हणजे २४७ फेऱ्या आणि ४,९४० मीटर. तिथवर क्वचितच कोणी जातो.

एक उदाहरण

समजा, सोलापुरात गड्ड्याची जत्रा उठून होम मैदान मोकळे झाले आहे आणि पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे सकाळी सहाला तिथे जमली आहेत. टेपने वीस मीटर मोजून फक्कीच्या दोन रेघा मारल्या, मोबाइलला स्पीकर जोडून बीप लावले. एक जण ९.४ वर थांबला.

अंतर काढताना मागची लेव्हल पाहायची. आठव्या लेव्हलअखेर १,४४० मीटर, त्यात चार फेऱ्यांचे ८० मिळवले की १,५२० मीटर. फेऱ्यांनी पडताळा घेता येतो : पहिल्या आठ लेव्हलच्या ७२ आणि वरच्या ४ मिळून ७६ फेऱ्या, गुणिले वीस, म्हणजे १,५२०च. वेळ साधारण ८ मिनिटे ५१ सेकंद.

आता भरतीच्या पोरांच्या डोक्यात १,६०० मीटर पक्के बसलेले असते. १,५२० ऐकले की ‘म्हणजे सोळाशेला ऐंशी कमी’ असा हिशेब लगेच होतो. तो चुकीचा आहे. सोळाशे मीटरला पहिल्या ढांगेपासून आपल्याला झेपेल तो वेग धरता येतो. इथे पहिली काही मिनिटे बीप मुद्दाम हळू धावायला लावतात. १,५२० मीटरला ८ मिनिटे ५१ सेकंद म्हणजे सरासरी वेग जेमतेम १०.३ किमी/तास, आणि शेवटी गाठलेला वेग १२.५. चाचणी मोजते तो शेवटचा वेग. अंतर ही त्या वेगापर्यंत चढून जायची वाट आहे, धावण्याची शर्यत नव्हे.

तरीही ‘शेवटचा वेग १२.५’ असे सरसकट लिहावे का? त्या वेगाने तो चारच फेऱ्या, म्हणजे सुमारे २३ सेकंद धावला. पूर्ण लेव्हलभर टिकवलेला वेग १२ आहे. मधला मार्ग म्हणून चढत्या अर्ध्या किलोमीटरचा चार-अकरांश हिस्सा देतात : १२ + ०.५ × ४/११ = सुमारे १२.२. प्रस्तुत लेखकाला हा मधला आकडा प्रामाणिक वाटतो, कारण त्यात ९.१ आणि ९.१० यांच्यातला फरक दिसतो. कोणताही धरा, पण सगळ्यांना एकच धरा, आणि कोणता धरला ते यादीच्या डोक्यावर लिहा.

मैदानावरच्या चुका

टेप घरी राहिली की क्रिकेटची खेळपट्टी कामाला येते. ही युक्ती अर्धी बरोबर आहे. दोन्हीकडच्या यष्ट्यांमधले अंतर २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर. ७६ फेऱ्यांत जास्तीचे अंतर नऊच मीटर भरते, ते सोडून देता येईल. पण पोरे यष्टीपासून यष्टीपर्यंत न धावता सवयीने धाव काढतात तशी क्रीजपासून क्रीजपर्यंत धावतात. फलंदाजाच्या दोन क्रीजमधले अंतर ५८ फूट, म्हणजे १७.६८ मीटरच आहे. तिथे ९.४ काढणारा प्रत्यक्षात १,३४४ मीटरच्या आसपास धावलेला असतो आणि त्याचा वेग १२.५ नसून ११ किमी/तास असतो. म्हणजे तीन लेव्हल फुकट मिळाल्या. मैदान बदलल्यावर सगळ्यांचाच निकाल एकदम घसरला, तर पोरांच्या दमावर शंका घेण्याआधी जुन्या मैदानावरच्या रेघा मोजाव्यात.

दुसरी चूक आवाजाची. कॅसेटच्या काळात टेपचा वेग कमी-जास्त होई. आता इंटरनेटवरून उतरवलेल्या ध्वनिफिती तालाला पक्क्या असतात, पण त्या कोणत्या आवृत्तीच्या आहेत हे बहुधा लिहिलेले नसते. ओळखायचे तर घड्याळ लावून सुरुवातीपासून सातव्या फेरीची बीप पाहावी. ती ६३ सेकंदांना आली तर सुरुवात ८ ची, ५९च्या जवळ आली तर ८.५ ची. या दुसऱ्या प्रकारात लेव्हल काटेकोर मिनिटाला बदलत असेल, तर वरचा अंतराचा तक्ता लागू होत नाही. तिथे दर लेव्हलचा वेग ६०ने भागून मिनिटाचे अंतर काढतात आणि बेरीज करतात. पहिल्या आठ लेव्हलच्या वेगांची बेरीज ८२ येते. ८२ ÷ ६० म्हणजे १.३६७ किमी. तक्त्यातल्या १,४४० पेक्षा हे ७३ मीटरने कमी आहे, आणि तरी लेव्हल तीच आठ. दोन तालमींच्या पोरांची अंतरे शेजारी ठेवण्याआधी एवढे तपासले पाहिजे.

तिसरी गल्लत नावांची. भारतीय क्रिकेट संघाच्या निवडीमुळे गाजलेली यो-यो चाचणीही वीस मीटरच्या रेघांवर आणि बीपवरच चालते, पण तिच्यात दर चाळीस मीटरनंतर दहा सेकंदांची विश्रांती असते आणि लेव्हलचे क्रमांक मधून मधून वगळलेले असतात. चर्चेतला १६.१ हा यो-योचा निकाल म्हणजे १,१२० मीटर. बीप चाचणीत १६.१ म्हणजे ३,१६० मीटर. पेपरात १६.१ वाचून ‘आपला तर नऊच’ म्हणून खट्टू होणाऱ्याने आधी चाचणी कोणती ते विचारावे.

आकड्यांची मर्यादा

वर काढलेला वेग हा रेघ ते रेघ सरासरी वेग आहे. प्रत्येक फेरीअखेर धावणारा थांबतो, वळतो आणि पुन्हा वेग घेतो. ५.७६ सेकंदांतला काही वेळ यातच जातो, म्हणून मधल्या पट्ट्यात तो १२.५ पेक्षा बराच जोरात पळत असतो. उलट, सरळ ट्रॅकवर हाच माणूस याहून जास्त वेग टिकवू शकतो, कारण तिथे वळणे नाहीत. त्यामुळे बीप चाचणीचा वेग जसाच्या तसा ट्रॅकवरच्या सरावाला वापरला, तर सराव हलका पडतो. मुरमाच्या भुसभुशीत मैदानावर वळताना पाय घसरतो आणि तोच धावपटू लेव्हलभर आधी थांबू शकतो. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊनंतर घेतलेली चाचणी डिसेंबरच्या चाचणीशेजारी ठेवू नये, ती उन्हामुळे. तक्ता दोन्ही वेळा बरोबरच उत्तर देतो. त्याला ऊन आणि माती दिसत नाही.