काचेवरचा गोंद आणि तारेची घासणी

चतुर्थीच्या आदल्या रात्री मालवणच्या घरी माटवी सजवताना पुतण्याने शिंपले चिकटवायला फेविक्विक काढलं आणि ट्यूब दाबली ती जरा जास्तच. काचेच्या टीपॉयवर रुपयाएवढा थेंब पडला, भोवती बोटांचे ठसे उमटले. गडबडीत कुणाचं लक्ष गेलं नाही. सकाळी काकीने पाहिलं आणि म्हणाली, "थांब, तारेची घासणी हाडतंय." मी अक्षरशः धावत जाऊन तिला अडवलं.

हा गोंद म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. तो इतर गोंदांसारखा वाळत नाही, हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या पाण्याच्या अंशाने त्याचे सुटे रेणू एकमेकांना धरून लांब साखळ्या बनतात. म्हणूनच कोकणातल्या दमट हवेत तो चटकन घट्ट होतो आणि फोडलेली ट्यूबही लवकर निकामी होते. घट्ट झालेला थर मात्र काचेपेक्षा कितीतरी मऊ प्लास्टिक असतो. काचेवर ओरखडा उठतो तो गोंदाने नव्हे, तर त्याच्याबरोबर घासल्या जाणाऱ्या वाळूने. किनाऱ्याजवळच्या घरात पुळणीतली वाळू पायाला लागून आत येते, आणि तिच्यातला क्वार्ट्झ काचेहून कठीण असतो. म्हणून पहिलं काम म्हणजे साबणाच्या पाण्याने टेबल धुणं. पुसणं नव्हे, धुणं.

मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात भिजवलेलं फडकं थेंबावर ठेवलं. उकळतं पाणी नको, काच तडकते. ज्या पाण्याने हा गोंद घट्ट होतो, तेच पाणी कडेने शिरून काचेवरची त्याची पकड ढिली करतं. फडकं दोनदा बदललं. तीनेक तासांनी कडा उचलल्या गेल्या. जुन्या प्लास्टिक कार्डाची कड आडवी धरून, एकाच दिशेने ढकलत गेलो, तेव्हा निम्मा थेंब पापुद्र्यासारखा सुटला. काचेवर ब्लेड चालतं असं पुष्कळ जण सांगतात. साध्या काचेवर ते खरंही आहे, पण टफन्ड काचेवर काही वेळा भट्टीतले बारीक कण चिकटलेले असतात. ब्लेडखाली ते फरफटले की लांब रेघा पडतात.

उरलेल्यासाठी अ‍ॅसिटोन. नेलपॉलिश रिमूव्हर वापरणार असाल तर बाटलीवर अ‍ॅसिटोन लिहिलंय ना, ते बघा. आधी टीपॉय पडवीत नेला, कारण आत समई तेवत होती आणि अ‍ॅसिटोनच्या वाफा ज्योतीने पेट घेतात. दुसरी खात्री काच खरंच काच आहे याची. स्पर्शाला थंड आणि टिचकी मारल्यावर खणखणीत वाजते ती काच. अ‍ॅक्रिलिकचा पत्रा असेल तर अ‍ॅसिटोनने तो कायमचा पांढरा पडतो. लाकडी कडेच्या पॉलिशलाही ते लागू देऊ नका.

खरी गोम पुढे आहे. अ‍ॅसिटोन गोंद लगेच विरघळवत नाही, आधी फुगवून मऊ करतं, आणि तेवढ्यात स्वतः उडून जातं. म्हणून अ‍ॅसिटोनने भिजवलेला कापूस थेंबावर ठेवून वर दुधाच्या पिशवीचा धुतलेला तुकडा झाकला. पंधरा मिनिटांनी थर जेलीसारखा झाला, तो कार्डाने उचलला. घासला नाही. घासलं असतं तर विरघळलेला गोंद पातळ होऊन काचभर पसरला असता आणि अ‍ॅसिटोन उडताच तिथेच पुन्हा घट्ट झाला असता. लोक ज्याला काच धुरकट झाली म्हणतात, ते पुष्कळदा हेच. शिवाय अ‍ॅसिटोन उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतली वाफ त्यावर बसते आणि गोंदाचा थर आणखी पांढुरका दिसतो. दर वेळी नवा कापूस घेऊन असं तीनदा केलं, शेवटी स्वच्छ अ‍ॅसिटोनचा एक हात आणि साबण-पाणी.

तरी ढग राहिलाच, तर नखाने बघा. नखाला उंचवटा लागला किंवा ओल्या कापसाने ढग सरकला, तर तो गोंद आहे, पुन्हा अ‍ॅसिटोन. बोटांच्या ठशांभोवतीची पांढरी भुकटीही गोंदाच्याच वाफेची असते, तीही जाते. पण नख खाचेत अडकलं तर तो ओरखडा, त्यावर अ‍ॅसिटोनचा काहीही उपाय नाही.

स्टीलवरही हीच रीत, फक्त ब्लेड अजिबात नको, कारण स्टेनलेस स्टील ब्लेडपेक्षा मऊ असतं. पत्र्यावर बारीक रेषांचं फिनिश असेल तर पुसायचं त्या रेषांच्याच दिशेने, नाहीतर आडवा चट्टा उजेडात कायम दिसत राहतो. रंग किंवा लॅकर चढवलेलं असेल तर आधी कोपऱ्यात थेंबभर लावून पाहावं. आणि साध्या लोखंडी तारेची घासणी तर नकोच, तिचे तुटलेले कण पत्र्यावर राहतात आणि खाऱ्या हवेत त्यांचे तांबूस ठिपके उठतात. काकीला मोरीतल्या स्टीलच्या फळीवरचे असे ठिपके दाखवले, तेव्हा कुठे तिने घासणी खाली ठेवली.