मोठी बॅटरी ८० टक्के, तरी गाडी उठेना

ईव्ही बंद पडली आणि ट्रॅक्शन बॅटरी, म्हणजे गाडी चालवणारी मोठी बॅटरी, ८० टक्के भरलेली निघाली, की कोणीतरी हमखास सांगतं, "छोटी बॅटरी उतरली असेल, स्टार्टर फिरत नसेल." अहो, ईव्हीत स्टार्टर असतोच कुठे? निदान अर्धं बरोबर निघालं, असं म्हणून हे सोडून देता येत नाही. या चुकीच्या समजातूनच पुढचे सगळे चुकीचे उपाय निघतात.

पेट्रोल गाडीतल्या १२ व्होल्टच्या बॅटरीची ओळख नव्याने करून द्यायला नको. इंजिन फिरवताना काही सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे, मग अल्टरनेटरकडून भरून घ्यायचं. ईव्हीतली छोटी बॅटरीही १२ व्होल्टचीच, पण तिला भरायला अल्टरनेटरच्या जागी डीसी-डीसी कन्व्हर्टर असतो. मोठ्या बॅटरीचे साधारण ४०० व्होल्ट उतरवून तो १४ च्या आसपास देतो. एक लीड-अ‍ॅसिड, दुसरी लिथियम, आकार वेगळे, वजनं वेगळी, हे सगळं ठीक. घोळ तिथे नसतो.

घोळ होतो तो भरलेली बॅटरी आणि जोडलेली बॅटरी यांतला फरक न कळल्यामुळे. गाडी बंद केली की मोठी बॅटरी उरलेल्या गाडीपासून तुटते, अक्षरशः. तिच्या पेटीत कॉन्टॅक्टर नावाचे जाडजूड रिले असतात. त्यांची कॉइल १२ व्होल्टवर चालते, आणि कॉइलमध्ये करंट आहे तोवरच कॉन्टॅक्टर जोडलेला राहतो. करंट गेला की स्प्रिंग तो उघडते. हे मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. अपघात झाला किंवा बचावपथकाने ठरलेली वायर कापली, की ४०० व्होल्ट पेटीतच अडकून राहतात आणि बाहेरच्या केबल मोठ्या बॅटरीपासून तुटतात.

आता चालू करतानाचा क्रम बघा. छोट्या बॅटरीवर कंट्रोल युनिट जागी होतात आणि इन्सुलेशन वगैरे तपासतात. मग सहसा निगेटिव्ह कॉन्टॅक्टर लागतो, पाठोपाठ एका रेझिस्टरमधून, मोटरला वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टरचे कपॅसिटर हळूहळू भरले जातात, आणि शेवटी मुख्य पॉझिटिव्ह लागतो. सीटखालून येणारे "टक, टक" आवाज ते हेच. डीसी-डीसी कन्व्हर्टर यानंतर चालू होतो. म्हणजे छोट्या बॅटरीला भरणारं यंत्र जागं करायलाच छोटी बॅटरी लागते. विहीर तुडुंब भरलेली आहे, पण पोहरा नाही.

"मग कन्व्हर्टर कायमचा जोडून ठेवा की," असं सुचवणारे भेटतात. तसं केलं तर उभ्या गाडीतही हाय व्होल्टेज कायम जिवंत राहील. शिवाय धावत्या गाडीत कॉन्टॅक्टर अचानक उघडले, तर स्टिअरिंगची मदत, ब्रेकची इलेक्ट्रॉनिक्स, एअरबॅग आणि हॅझर्ड दिवे कशावर चालणार?

एक नेहमीचा प्रकार घेऊ. गाडी तीन आठवडे उभी आहे आणि मालक दिवसातून चारदा अ‍ॅप उघडून चार्ज किती आहे ते बघतोय. समजा बॅटरी ४५ अँपिअर-तासांची आहे. झोपलेली गाडी ५० मिलिअँपिअर खाते असं धरलं, तर २१ दिवसांत साधारण २५ अँपिअर-तास गेले. त्यात प्रत्येक वेळी अ‍ॅपने गाडी जागी केली की खर्च वाढतो. बऱ्याच गाड्या मधूनमधून मोठीतून छोटी भरून घेतात, पण सगळ्या नाही, आणि मोठीचा चार्ज फार खाली गेला की काही गाड्या हे बंद करतात. पेट्रोल गाडीत इंजिन जड फिरू लागलं की आधीच कळतं. इथे तशी सूचना मिळेलच असं नाही.

मल्टिमीटर लावला आणि टर्मिनलवर ११.४ व्होल्ट दिसले, तर निदान झालंच (भरलेली लीड-अ‍ॅसिड सुमारे १२.६ दाखवते). अशा वेळी चार्जिंग गन लावून बसू नका. चार्जरशी बोलणारं युनिटही बहुतेक गाड्यांत १२ व्होल्टवरच चालतं. मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या टर्मिनलला १२ व्होल्टचा बूस्टर लावा. कॉन्टॅक्टर लावायला थोडेच अँपिअर लागतात. डॅशवर READY आलं की पुन्हा मोजा. आकडा १३.५ ते १४.५ वर चढला, तर कन्व्हर्टर काम करतोय आणि बूस्टर काढता येतो. READY असूनही आकडा १२ च्या खालीच रेंगाळला, तर संशय कन्व्हर्टरवर किंवा त्याच्या फ्यूजवर घ्या. नवी बॅटरी टाकून पैसे वाया जातील. नुसता स्क्रीन उजळला म्हणजे READY नव्हे. काही गाड्यांत त्या अवस्थेत गाणी छोट्या बॅटरीवरच वाजत असतात.

आणि ईव्हीवरून पेट्रोल गाडीला जंप देऊ नका. स्टार्टर मागतो ते शेकडो अँपिअर देण्यासाठी ना ही छोटी बॅटरी बनवलेली असते, ना तो कन्व्हर्टर.