एम म्हणजे पाच दिवस, की एम म्हणजे दोन ते पंधरा?

काम किती मोठं ते ढोबळ सांगायला टीमने कामांना एस, एम, एल असे टी-शर्टचे साइझ दिले की दोन दिवसांत कुणीतरी विचारतंच, "सगळं मिळून किती दिवस?" मग एक्सेलमध्ये छोटा तक्ता तयार होतो: एस = 2, एम = 5, एल = 10. साइझचं आकड्यात रूपांतर करायचे दोन मार्ग आहेत, त्यातला हा एक. दुसऱ्या मार्गात प्रत्येक साइझमागे जुन्या कामांची नोंद ठेवायची. दोन्हींतून शेवटी आकडाच निघतो, म्हणून लोक त्यांना एकच समजतात.

तक्त्याची खोड अशी की साइझ फक्त क्रम सांगतो. एम हा एसपेक्षा मोठा, इतकंच. 2 आणि 5 लिहिल्यावर मात्र अडीच एस म्हणजे एक एम असं आपण न बोलता ठरवून टाकतो, आणि हे टीममधल्या कुणीही कधी म्हटलेलं नसतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, टीमने संपवलेल्या प्रत्येक साइझच्या शेवटच्या दहा कामांना प्रत्यक्ष लागलेले मनुष्यदिवस असे आहेत:

एस: 1, 1, 2, 2, 2, 3, 3, 4, 5, 9
एम: 2, 3, 4, 4, 5, 6, 7, 8, 12, 15
एल: 5, 7, 8, 10, 11, 13, 16, 20, 26, 34

आता 6 एस, 5 एम आणि 3 एल शिल्लक आहेत. तक्ता म्हणतो 12 + 25 + 30, म्हणजे 67 दिवस. नोंदीतल्या सरासऱ्या आहेत 3.2, 6.6 आणि 15. त्या धरल्या तर बेरीज 97 वर जाते. तीस दिवसांचा हा फरक आळशीपणाचा नाही. तक्त्यात "एरवी लागतात तेवढे" दिवस असतात. पण एस कितीही लवकर उरकला तरी दिवसभर वाचेल, फसला तर आठवडाभर जास्त खाईल. असं एकाच बाजूला ताणलं जाणारं काम बेरजेत घेताना सरासरीच धरावी लागते.

सरासरीही एकच आकडा आहे, आणि 97.2 मधला तो .2 तर शुद्ध थाप. म्हणून सरासरीऐवजी नोंदीतूनच चिठ्ठ्या काढायच्या. एसच्या दहा आकड्यांतून एक उचलायचा, परत ठेवायचा, असं सहा वेळा. एममधून पाच वेळा, एलमधून तीन वेळा. चौदांची बेरीज म्हणजे एक शक्य भविष्य. एसच्या नोंदी A2 ते A11 मध्ये असतील तर एका चिठ्ठीला एवढंच पुरतं:

```
=INDEX($A$2:$A$11, RANDBETWEEN(1,10))
```

अशा हजार ओळी केल्या आणि बेरजा Z स्तंभात ठेवल्या, की:

```
=PERCENTILE(Z2:Z1001, 0.85)
```

उत्तर साधारण 116 येतं, म्हणजे शंभरातल्या पंच्याऐंशी वेळा बेरीज तेवढी किंवा त्याहून कमी. 0.15 टाकलं तर 78 च्या आसपास. म्हणजे शंभरातल्या सत्तर वेळा काम 78 ते 116 मध्ये बसतं, आणि तक्त्याच्या 67 मध्ये जेमतेम चार वेळा. सांगताना मी "80 ते 115" असं गोल करून सांगतो. दहा-दहा नोंदींवर उभा असलेला अंदाज त्याहून बारीक सांगणं मला पटत नाही. एलमधला सर्वांत मोठा आकडा 34 आहे, म्हणून 40 दिवसांचा एल येणारच नाही असंही नाही.

या पसाऱ्याचा (विचरणाच्या मापाने) दोन तृतीयांशाहून जास्त भाग त्या तीन एलमधून येतो. त्यामुळे अंदाज आवळायचा असेल तर एसवर वाद घालत बसू नये. एखादा एल उघडून त्याचे तुकडे करावेत आणि तुकड्यांना नव्याने साइझ द्यावेत.

नोंदीची पद्धतही फसते, पण वेगळ्या ठिकाणी. एसला नऊ दिवस लागले की कुणीतरी म्हणतं, "हा खरं तर एम होता," आणि लेबल बदलतं. तिथेच नोंद बिघडली. आपल्याला हवंय ते असं, की सुरू करताना एस म्हटलेल्या कामांचं पुढे काय होतं, आणि त्यातला 9 हाच खरा ऐवज आहे. म्हणून साइझ काम सुरू होताना गोठवायचा. दुसरी गोष्ट, चिठ्ठ्या काढताना कामं एकमेकांपासून सुटी धरलेली असतात. तिन्ही एल एकाच अनोळखी सिस्टीमला भिडणार असतील तर एक फसला की तिघे फसतात, आणि खरा पल्ला 80–115 पेक्षा रुंद असतो. शिवाय हे मनुष्यदिवस आहेत. मंजुरीसाठी ताटकळलेले दिवस यात नाहीत, तेव्हा ही बेरीज तशीच्या तशी कॅलेंडरवर ठेवता येत नाही.

कधीकधी नोंद मांडल्यावर एस आणि एम जवळजवळ सारखेच निघतात. वरच्या यादीतही 2 ते 9 हा पट्टा दोघांत आहेच. तो आणखी जुळायला लागला तर दोन्ही एकत्र करून वीस नोंदींतून चिठ्ठ्या काढाव्यात. साइझ ठरवायच्या मीटिंगचा वेळ तरी वाचेल.