सुरक्षा परिषदेच्या यादीमुळे खाते गोठले तर: अर्ज कोणी, कुठे आणि कोणत्या आधारावर करायचा

समजा, पिंपळगाव बसवंतच्या एका बेदाणा निर्यातदाराचे दुबईहून पैसे आले आणि नाशिकच्या शाखेने खाते थांबवले. कारण विचारल्यावर उत्तर मिळाले, ‘तुमचे नाव संयुक्त राष्ट्रांच्या यादीशी जुळते आहे.’ अशा वेळी लोक सरळ वकील गाठतात किंवा दिल्लीला तक्रार पाठवतात. त्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी. यादीतला माणूस तुम्हीच आहात, की फक्त नाव सारखे आहे? या दोन प्रश्नांसाठी दोन वेगळे अर्ज आहेत, आणि चुकीच्या ठिकाणी केलेला अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतो.

न्यूयॉर्कचा ठराव नाशिकच्या शाखेत कसा येतो

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम २५ नुसार सुरक्षा परिषदेचे निर्णय सदस्य देशांनी पाळायचे असतात. परिषदेचा प्रत्येक ठराव बंधनकारक नसतो. परिषद ‘ठरवते’ असे लिहिले आहे की नुसते ‘आवाहन करते’ असे, हे मजकुरातून पाहावे लागते. ठरावाची भाषा, तो कोणत्या कलमांखाली केला आणि त्यामागची चर्चा, हे सगळे तपासायला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९७१ च्या नामिबिया प्रकरणात सांगितले. १९९९ चा ठराव १२६७ आणि त्यानंतरचे अल्-कायदा व इसिसविषयीचे ठराव सनदेच्या सातव्या, म्हणजे सक्तीच्या कारवाईच्या प्रकरणाखाली केलेले आहेत, म्हणून मालमत्ता गोठवणे देशांना बंधनकारक आहे.

हे बंधन बँकेवर थेट नसून भारत सरकारवर आहे. सरकारने ते दहशतवादविरोधी यूएपीए कायद्याच्या कलम ५१अ मधून बँकांपर्यंत आणले आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकांना या ठरावांखाली केलेली नावांची यादी रोज तपासावी लागते. म्हणून शाखा व्यवस्थापकाशी वाद घालून काही हाती लागत नाही.

नाव फक्त सारखे असेल तर

आधी बँकेकडून यादीतील नोंदीचा क्रमांक मागून घ्या. या यादीत प्रत्येक व्यक्तीला क्रमांक असतो. उदाहरणार्थ मसूद अझहरचा QDi.422 आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर ती नोंद उघडली की जन्मतारीख, जन्मस्थान, राष्ट्रीयत्व, पासपोर्ट क्रमांक आणि टोपणनावे दिसतात. टोपणनावांचे ‘Good quality’ आणि ‘Low quality’ असे दोन गट असतात. जुळणी फक्त दुसऱ्या गटातल्या एखाद्या नावाशी असेल, तर अर्जात ते ठळक लिहा. तो ओळखीचा कमकुवत धागा आहे.

अर्ज लेखी हवा. तो बँकेकडे किंवा राज्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे देता येतो. बँकेने तो गोठवलेल्या रकमेच्या तपशिलासह दोन कामकाजाच्या दिवसांत केंद्रीय गृह मंत्रालयाच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. सोबत आधार, पॅन, पासपोर्ट, जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांच्या नावाचा पुरावा आणि आयात-निर्यात परवाना जोडा. माझ्या मते सर्वांत उपयोगी कागद म्हणजे एक साधा तक्ता: डावीकडे यादीतली नोंद, उजवीकडे तुमची माहिती, आणि प्रत्येक ओळीपुढे पुराव्याचे नाव. तपासणाऱ्याला फरक एका नजरेत दिसला पाहिजे. पोच घेतल्याशिवाय शाखेतून हलू नका.

यादीतली व्यक्ती तुम्हीच असाल तर

इथे भारतीय न्यायालयाची मर्यादा लागते. आपल्याकडचा आदेश कायद्याला धरून आहे का, हे उच्च न्यायालय पाहू शकते. न्यूयॉर्कच्या यादीतले नाव खोडू शकत नाही. ती यादी परिषदेच्या निर्बंध समितीची आहे. समितीत परिषदेचेच पंधरा देश बसतात आणि निर्णय एकमताने होतात. परिषदेत नकाराधिकार पाच कायम सदस्यांना आहे. समितीत मात्र पंधरांपैकी कोणीही एक जण काम अडवू शकतो. मसूद अझहरचे नाव यादीत घालण्याचा प्रस्ताव चीनने अनेक वर्षे असाच रोखून धरला आणि १ मे २०१९ ला ते नाव लागले. एकमताची हीच अट पूर्वी नाव काढण्यालाही होती. एका देशाने मान हलवली नाही, तर माणूस आयुष्यभर अडकून राहायचा.

हे बदलायला यासीन कादी या सौदी व्यावसायिकाचे प्रकरण मोठे कारण ठरले. २००१ मध्ये त्याचे नाव यादीत आले आणि युरोपातली मालमत्ता गोठली. आरोप काय, हे त्याला नीट कळले नव्हते. ३ सप्टेंबर २००८ ला युरोपीय न्यायालयाने परिषदेच्या ठरावाला हात न लावता, तो राबवणारा युरोपीय नियम त्याच्यापुरता रद्द केला: बाजू मांडण्याची संधी नाही, न्यायालयीन तपासणी नाही. सनदेचे कलम १०३ इतर करारांपेक्षा सनदेला वरचढ मानते, तरी युरोपीय न्यायालयाने मूलभूत हक्क सोडले नाहीत. परिषदेत नकाराधिकार असलेल्या देशांनीही यातला धोका ओळखला असावा. डिसेंबर २००९ मध्ये ठराव १९०४ ने नाव काढण्याचे अर्ज तपासणारे संयुक्त राष्ट्रांचे लोकपाल कार्यालय स्थापन केले, आणि २०११ च्या ठराव १९८९ ने त्याला खरी ताकद दिली. कादीचे नाव ऑक्टोबर २०१२ मध्ये निघाले.

लोकपालाकडे अर्ज फक्त इसिस-अल्-कायदा यादीतल्या व्यक्ती, संस्था, त्यांचे प्रतिनिधी किंवा मृताचे वारस करू शकतात. वकील असलाच पाहिजे असे नाही. प्रतिनिधीमार्फत करायचा असेल तर अधिकारपत्र जोडा. अर्जात पूर्ण ओळख, नोंदीचा क्रमांक आणि यादीत असण्याचे निकष आता का लागू होत नाहीत याची कारणे हवीत. ‘तेव्हा अन्याय झाला’ एवढ्यावर अर्ज उभा राहत नाही. लोकपाल पाहतो ते आजचे: आजही नाव ठेवायला वाजवी आणि विश्वासार्ह आधार आहे का. म्हणून संबंध कधी तुटला, कसा तुटला, त्याचे कागद काय, यावर जोर द्या.

चार महिने माहिती जमवली जाते. ते दोन महिन्यांनी वाढू शकतात. पुढचे दोन महिने संवादाचे, तेही दोनने वाढू शकतात. याच काळात लोकपाल अर्जदाराशी प्रत्यक्ष बोलतो. उत्तरे विसंगत निघाली की प्रकरण इथेच कमकुवत होते, म्हणून तारखा आधीच जुळवून ठेवा. मग अहवाल समितीकडे जातो.

खरी कलाटणी इथे आहे. लोकपालाने नाव काढण्याची शिफारस केली, तर साठ दिवसांनी नाव आपोआप निघते. ते थांबवायला समितीच्या पंधराही देशांचे एकमत लागते, म्हणजे पूर्वी अर्जदाराच्या विरुद्ध असलेले एकमताचे ओझे आता उलट्या बाजूला आले. एकमत नसेल, तर एखादा सदस्य प्रश्न परिषदेसमोर मतदानाला नेऊ शकतो. तिथे नऊ मते आणि नकाराधिकार हा नेहमीचा नियम आहे. शिफारस नाव ठेवण्याची आली, तर नाव तसेच राहते. नव्या माहितीसह पुन्हा अर्ज करता येतो, जुनाच मजकूर चालत नाही.

लोकपाल फक्त या एका यादीसाठी आहे. उत्तर कोरिया किंवा तालिबानच्या यादीतल्यांना ठराव १७३० ने २००६ मध्ये सुरू केलेल्या ‘फोकल पॉइंट’ या अर्ज स्वीकारणाऱ्या कक्षाकडे जावे लागते. तिथे लोकपालासारखी स्वतंत्र शिफारस आणि साठ दिवसांची मुदत नाही. याबाबत परिषद अजूनही अपुरी पडते, असे मी ठामपणे म्हणेन.

अर्ज चालू असताना घरखर्च, भाडे, औषधे आणि वकिलाची फी यांसाठी सूट मागता येते. ती केंद्र सरकारमार्फत समितीला कळवली जाते, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत समितीने नकार दिला नाही तर तेवढी रक्कम मोकळी होते. सूट मागण्याच्या अर्जासोबत भाडेकरार, दवाखान्याची बिले आणि शाळेच्या फीच्या पावत्या जोडा. ढोबळ आकडा लिहिला तर पुन्हा विचारणा येते आणि तो महिना जातो.